चुकीचं प्रमाण सांगितलं गेलं? दुरुस्तीच्या व्हिडिओची संहिता अशी लिहा

नाशिक जिल्ह्यात द्राक्ष, कांदा, टोमॅटोवर व्हिडिओ करणारी बरीच मंडळी आहेत. त्यांतल्या काहींच्या संहिता मी लिहितो, काहींचं एडिटिंग करतो. दुरुस्तीचा व्हिडिओ करायची वेळ त्यातल्या कोणावर तरी आली की फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "माफी कशी मागू?" माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा आहे. तुमचं ऐकून ज्याने काहीतरी केलं, त्याला आता योग्य माहिती आधी मिळाली पाहिजे. रागावलेला प्रेक्षक दोन दिवस थांबेल, पण पंपात द्रावण भरून उभा असलेला थांबणार नाही. पुढची सगळी मांडणी याच क्रमाने केली आहे.

एकच प्रकरण धरून सांगतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. निफाडकडच्या एका तरुण बागायतदाराचा चॅनल आहे. फळ छाटणीच्या दिवसांत त्याने बोर्डो या बुरशीनाशकावर व्हिडिओ केला. खोडाला लावायची बोर्डो पेस्ट आणि बागेवर फवारायचं बोर्डो मिश्रण, दोन्ही एकाच व्हिडिओत. पेस्टचं प्रमाण एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि १० लिटर पाणी. एक टक्का फवारणीचं प्रमाण एक किलो, एक किलो आणि १०० लिटर. फवारणीच्या भागात, ४ मिनिटं १२ सेकंदांवर, तो ओघात "दहा लिटर" बोलून गेला. म्हणजे दहापट दाट.

हाताशी काय लागेल

- मूळ व्हिडिओची फाइल आणि चुकीच्या वाक्याची नेमकी वेळ, सुरुवात आणि शेवट दोन्ही
- बरोबर माहितीचा लेखी आधार, शक्यतो दोन ठिकाणचा
- मूळ व्हिडिओखालच्या कॉमेंटचे स्क्रीनशॉट, विशेषतः "आम्ही असं केलं" म्हणणाऱ्यांचे
- यूट्यूब स्टुडिओ, आणि तेही कॉम्प्युटरवर, कारण व्हिडिओ कापायची सोय तिथे आहे
- कॉलर माइक (बागेत शूट करणार असाल तर शेजारचा फवारणीचा ब्लोअर बंद असेल अशी वेळ)
- मूळ व्हिडिओ न पाहिलेला एक माणूस, संहिता ऐकवायला

## १. आधी बरोबर काय ते पक्कं करा

घाईत केलेली दुरुस्तीही चुकली, तर तिसरा व्हिडिओ कोणी पाहत नाही. म्हणून कॉमेंटमध्ये कोणी "दादा, १०० लिटर पाहिजे" लिहिलं, एवढ्यावर कॅमेरा लावू नका. द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, नाशिकला कृषी विज्ञान केंद्र आहे, गावपातळीवर सहायक कृषी अधिकारी, म्हणजे पूर्वीचे कृषी सहायक, आहेत. लेखी शिफारस मिळवा आणि दुसऱ्या कोणाकडून ती पडताळून घ्या. मोबाइल, बँक, सरकारी योजना असा विषय असेल तर मूळ परिपत्रक किंवा अधिकृत पान उघडून वाचा. दुसऱ्या यूट्यूबरचा व्हिडिओ आधार म्हणून धरू नका. त्यानेही तुमच्याकडूनच उचललेलं असू शकतं, असं मी पाहिलं आहे.

पडताळणीला वेळ लागणार असेल तर तोवर मूळ व्हिडिओ प्रायव्हेट करा आणि चॅनलवर दोन ओळींची पोस्ट टाका: "बोर्डोच्या व्हिडिओतलं फवारणीचं प्रमाण चुकलं आहे, त्यानुसार फवारू नका, बरोबर प्रमाण तपासून सांगतो." एवढं पुरे. माफीनामा इथे लिहीत बसू नका.

## २. नुकसान कोणाचं झालं असेल, ते शोधा

हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि मग संहिता कोणासाठी लिहायची तेच ठरत नाही.

आमच्या प्रकरणात वाटलं होतं, मोठे बागायतदार चिडतील. कॉमेंट वाचल्यावर चित्र वेगळं निघालं. ब्लोअरची ६०० लिटरची टाकी भरणाऱ्याला सहा किलो मोरचूद लागतं हे अंगवळणी पडलेलं असतं. त्याला कोणी ६० किलो टाका म्हटलं, तर तो हसून पुढे जातो. शिवाय एवढं दाट मिश्रण नोझलमधून नीट जातही नाही. फसण्याची शक्यता होती ती पाठीवरचा १६ लिटरचा पंप वापरणाऱ्यांची. म्हणजे नवीन बाग लावणारे, दोन-चार ओळींचे परसबागवाले, नाशिक शहरात बंगल्याभोवती लिंबू आणि वेल जोपासणारे. १६ लिटरला एक टक्क्याच्या हिशेबाने १६० ग्रॅम मोरचूद लागतं. चुकीच्या प्रमाणाने ते एक किलो ६०० ग्रॅम होतं. इतक्या दाट बोर्डोने कोवळी फूट आणि पानं करपतात.

हे कळल्यावर संहितेत १६ लिटरच्या पंपाचा हिशेब आला. तो नसता, तर "१०० लिटरला एक किलो" ऐकूनही पंपवाल्याला पुन्हा डोक्यात भागाकार करावा लागला असता आणि तिथे नवीन चूक झाली असती.

## ३. जुना व्हिडिओ आधी दुरुस्त करा

दुरुस्तीचा व्हिडिओ मूळ व्हिडिओइतका कधीच पाहिला जात नाही, हे धरूनच चाला. मूळ व्हिडिओ शोधातून लोकांसमोर येत राहतो, दुरुस्तीचा फारसा कोणी शोधत नाही. म्हणून नवीन व्हिडिओ प्रसिद्ध करण्याआधी जुन्याची डागडुजी करायची.

यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरी फाइल टाकता येत नाही. पण मधला तुकडा कापता येतो. स्टुडिओत तो व्हिडिओ उघडून `Editor` मध्ये जा, `Trim & cut` निवडा, `New cut` घेऊन चुकीचं वाक्य कापा आणि `Save` करा. लिंक, व्ह्यूज, कॉमेंट जसेच्या तसे राहतात. प्रक्रिया व्हायला वेळ लागतो आणि तोवर जुनाच व्हिडिओ दिसतो, तेव्हा तो प्रायव्हेटच राहू द्या. चॅनल पार्टनर प्रोग्राममध्ये नसेल आणि व्हिडिओला एक लाखाहून जास्त व्ह्यूज असतील, तर हे कापणं सेव्ह होत नाही. तसं असेल आणि चूक पिकाला, पैशाला किंवा तब्येतीला धक्का लावणारी असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: तो व्हिडिओ प्रायव्हेटच ठेवा आणि त्याच विषयावर नवीन करा. व्ह्यूज जातील, जाऊ द्या.

कापल्यावर पुढच्या सगळ्या वेळा मागे सरकतात. डिस्क्रिप्शनमध्ये चॅप्टरच्या वेळा दिल्या असतील तर त्या बदलाव्या लागतात. हे विसरलं जातं आणि मग "खोडाची पेस्ट" वर टिचकी मारणारा भलत्याच जागी पोचतो.

त्यानंतर डिस्क्रिप्शनमध्ये, चॅप्टरच्या यादीखाली, दुरुस्तीची नोंद टाका. शीर्षकाचा शब्द इंग्रजीतच हवा, तरच व्हिडिओवर दुरुस्तीचं कार्ड दिसतं. पुढचं स्पष्टीकरण मराठीत चालतं.

```
Correction:
4:12 फवारणीसाठी १०० लिटर पाणी, १० लिटर नाही
```

हीच ओळ कॉमेंटमध्ये लिहून ती पिन करा. एका व्हिडिओवर एकच कॉमेंट पिन होते, तेव्हा आधी जाहिरातीची लिंक पिन केली असेल तर ती काढा.

गुपचूप तुकडा कापून गप्प बसायचा मोह होतो. मूळ व्हिडिओ कोणीतरी डाउनलोड केलेला असतोच, आणि तो तुकडा व्हॉट्सअॅपवर "बघा, आता काढून टाकलं" म्हणून फिरला की आधीच्या चुकीपेक्षा जास्त महागात पडतं. कापलं असेल तर "कापलं आहे" असं व्हिडिओत सांगायचं.

## ४. संहिता: पहिली वीस सेकंदं बरोबर माहितीची

नमस्कार झाला की लगेच बरोबर प्रमाण. "मागच्या आठवड्यात एक व्हिडिओ टाकला होता, त्याला तुम्ही भरभरून प्रेम दिलं" असलं काही नको. अर्धे लोक तिथेच निघून जातात, आणि जाणाऱ्यांत तो पंपवालाही असतो.

चुकीचा आकडा एकदाच उच्चारायचा, तोही बरोबर आकड्यानंतर. पडद्यावर दाखवला तर त्यावर लाल फुली असलीच पाहिजे. मूळ क्लिप आवाजासकट पुन्हा लावणं मी टाळतो. कोणी मधूनच व्हिडिओ उघडला तर त्याच्या कानावर पुन्हा "दहा लिटर"च पडतं, आणि त्या तुकड्याचा स्क्रीनशॉट काढणाऱ्याला मागचा-पुढचा संदर्भ नसतो.

मग ज्यांनी चुकीच्या माहितीवर काही केलं, त्यांनी आता काय करायचं ते. त्यानंतर चूक कशी झाली, एक-दोन वाक्यांत. मग माफी, आणि शेवटी यापुढे काय बदलणार. दोन मिनिटांची लांबी पुरते, म्हणजे साधारण सव्वादोनशे शब्द. आमच्या प्रकरणात शेवटी वापरलेली संहिता अशी होती:

> राम राम मंडळी. बोर्डो फवारायचा असेल तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. शंभर. छाटणीनंतरच्या बोर्डोच्या व्हिडिओत मी दहा लिटर सांगितलं होतं, ते चुकीचं होतं. ते प्रमाण खोडाला ब्रशने लावायच्या पेस्टचं आहे, ते फवारायचं नाही.
>
> सोळा लिटरचा पाठीवरचा पंप असेल तर मोरचूद १६० ग्रॅम, चुना १६० ग्रॅम.
>
> माझं ऐकून दाट द्रावण कालवलं असेल आणि अजून मारलं नसेल, तर ते पंपात भरू नका. मारलं असेल, तर आजच पानांचे फोटो काढा, किती पाण्यात किती टाकलं ते लिहून ठेवा आणि कृषी सहायकांना किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. त्यावर उपाय मी सांगणार नाही, तो त्यांनीच सांगितलेला बरा. मलाही कळवा, मी प्रत्येकाला उत्तर देईन.
>
> पेस्ट आणि फवारणी मी एका दमात सांगत होतो, कागद समोर नव्हता, आणि व्हिडिओ टाकण्याआधी आकडे कोणाकडून तपासून घेतले नाहीत. चूक माझी आहे. ज्यांच्या बागेला किंवा झाडांना त्रास झाला, त्यांची मी माफी मागतो.
>
> जुन्या व्हिडिओतलं ते वाक्य कापलं आहे आणि खाली दुरुस्ती लिहिली आहे. यापुढे कुठलंही प्रमाण सांगताना ते पडद्यावर लिहिलेलं असेल आणि कुठून घेतलं तेही असेल. कॉमेंटमध्ये ज्या भाऊंनी ही चूक पहिल्यांदा दाखवली, त्यांचे आभार. जुना व्हिडिओ ज्या ग्रुपवर पाठवला असेल, तिथे हा नक्की पाठवा.

यात "उपाय मी सांगणार नाही" हे वाक्य घालायला तो तयार नव्हता. करपलेल्या बागेवर काय मारायचं हे त्याला ठाऊक होतं असं त्याचं म्हणणं, आणि असेलही. पण एका न तपासलेल्या सल्ल्याची दुरुस्ती करताना दुसरा न तपासलेला सल्ला द्यायचा नाही, एवढ्यावर मी अडून बसलो. बोर्डो नीट जमलाय का हे पाहायला स्वच्छ लोखंडी विळा द्रावणात धरतात, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असं समजतात. हेही त्याला या व्हिडिओत घ्यायचं होतं. चांगली माहिती आहे, पण तिच्यामुळे दुरुस्तीचा व्हिडिओ पुन्हा शिकवणीचा होतो आणि "१०० लिटर" मागे पडतं. त्यावर वेगळा व्हिडिओ करा.

## ५. ही वाक्यं खोडा

पहिला मसुदा लिहून झाला की त्यात ही वाक्यं सापडतातच.

"जर कोणाला त्रास झाला असेल तर..." त्रास झाला आहे हे कॉमेंटमध्ये दिसत असताना "जर" कशाला? "ज्यांना त्रास झाला त्यांची" असं थेट म्हणा.

"माझ्याकडून अनवधानाने चूक झाली." अनवधान म्हणजे काय घडलं ते सांगा: कागद समोर नव्हता, आकडा तपासला नाही. प्रेक्षकाला तेवढंच कळायला हवं असतं, कारण त्यावरून पुढच्या वेळी काय बदलेल याचा अंदाज येतो.

"एडिटरच्या चुकीमुळे..." चॅनल तुमचा, आवाज तुमचा. एडिटरने खरंच चुकीचा आकडा टाकला असेल तरी "तपासलं नाही, ते माझं काम होतं" इथपर्यंतच जा.

"काही लोक मुद्दाम ट्रोल करत आहेत." करतही असतील. पण या व्हिडिओत ट्रोलला जागा दिली की चूक दाखवणारा प्रामाणिक माणूसही त्याच रांगेत जाऊन बसतो.

भरपाईबद्दल कॅमेऱ्यासमोर "मी सगळं भरून देईन" किंवा "मी जबाबदार नाही", दोन्ही बोलू नका. नुकसान मोठं असेल तर त्या माणसाशी फोनवर, शक्य असेल तर बागेत जाऊन बोला, आणि गरज वाटली तर आधी वकिलाचा सल्ला घ्या.

संहिता तयार झाली की मूळ व्हिडिओ न पाहिलेल्या माणसाला वाचून दाखवा आणि विचारा, "किती पाणी घ्यायचं?" तो क्षणभर जरी अडखळला, तरी संहितेचा पहिला परिच्छेद पुन्हा लिहा. आमच्या पहिल्या मसुद्यात पेस्टचा खुलासा फवारणीच्या आधी आला होता आणि ऐकणाऱ्याने उत्तर दिलं, "दहा ना?"

## ६. शूट आणि एडिट

फार काही नाही. नेहमीच्या जागी, नेहमीच्या कपड्यांत. उदास संगीत, काळा पडदा, रडवेला चेहरा, हे सगळं वगळा. प्रेक्षक लगेच ओळखतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. "मी दहा लिटर सांगितलं होतं, ते चुकीचं होतं" आणि माफीचा परिच्छेद, या दोन जागी कट नको. तिथे उडी दिसली की मधे काहीतरी काढलं असं वाटतं. पाठ होत नसेल तर कागद हातात धरून वाचा आणि कागद दिसू द्या. चुकीचं कारणच "कागद नव्हता" असेल, तर कागद दिसणं चांगलंच.

शीर्षकात आणि थंबनेलवर बरोबर माहिती: "दुरुस्ती: बोर्डो फवारणीला १०० लिटर पाणी". "मला माफ करा 🙏" या थंबनेलवर क्लिक जास्त येतील, पण ज्याला फक्त प्रमाण हवं आहे तो ते उघडणार नाही. थंबनेलवर १० हा आकडा फुली मारूनही नको, मोबाइलवर इतक्या लहान चित्रात फुली दिसत नाही. या व्हिडिओवर तुमच्या बाजूने जाहिराती बंद ठेवा आणि प्रायोजक तर नकोच.

## ७. टाकल्यानंतरचे काही दिवस

दुरुस्तीचा व्हिडिओ प्रसिद्ध करा, लगेच कापलेला जुना व्हिडिओ पुन्हा सुरू करा आणि त्याच्या कार्डमध्ये व शेवटच्या पडद्यावर दुरुस्तीची लिंक द्या. मग कॉमेंटला बसा. "मारलं, पानं करपली" म्हणणाऱ्यांना आधी उत्तर, तेही प्रत्येकाला वेगळं. सगळ्यांना एकच "धन्यवाद दादा 🙏" चिकटवलं की वाचणाऱ्याला ते जाणवतं. टोचून बोलणाऱ्या कॉमेंट उडवू नका. शिवीगाळ किंवा कोणाचा फोन नंबर असेल तर मात्र काढा.

व्हॉट्सअॅपवर फिरणारी डाउनलोड केलेली फाइल तुमच्या हातात नसते. तिच्यासाठी अर्ध्या मिनिटाची उभी क्लिप वेगळी करा. त्यात लिंकवर विसंबू नका, संहितेचे पहिले दोन परिच्छेद आणि "पंपात भरू नका" एवढंच घ्या, आकडे पडद्यावर पूर्ण वेळ राहू द्या. गावातल्या द्राक्षाच्या ग्रुपवर, औषध दुकानदारांच्या ग्रुपवर ती स्वतः पाठवा.

विश्वास परत येतोय का, हे व्ह्यूजवरून कळत नाही. स्टुडिओत दुरुस्तीच्या व्हिडिओचा आलेख बघा: लोक पंपाच्या हिशेबापर्यंत थांबतात का? पुढच्या व्हिडिओखाली "नक्की ना?" असे प्रश्न येतील, त्यावर चिडू नका, आधाराचा कागद दाखवा. आमच्याकडे बराच काळ हा प्रश्न येत राहिला आणि मग लोक आकड्यांऐवजी वाण आणि छाटणीच्या तारखा विचारू लागले.

बोर्डोसारखा हंगामी विषय असेल तर काम एका वर्षात संपत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरला फळ छाटणी आली की लोक पुन्हा शोधायला लागतात आणि जुना व्हिडिओ वर येतो. त्याआधी एकदा जाऊन पिन केलेली कॉमेंट जागेवर आहे का, डिस्क्रिप्शन बदलताना `Correction:` ची ओळ उडाली नाही ना आणि कार्डातली लिंक चालते का, एवढं पाहून घ्या.